समुदायाचा अंक आणि व्यक्तीची साक्ष
(ठाणें जिल्ह्याच्या सरासरीवरून केलेल्या अनुमानांचें परीक्षण)

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शेजारच्या नगरांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्याची अडचण साधनांची आहे. एका टोकास अंबरनाथच्या शिवालयांतील शके ९८२ चा, म्हणजे सन १०६० चा, शिलाहारकालीन लेख उभा आहे. दुसऱ्या टोकास १८८२ सालीं प्रसिद्ध झालेला ठाणें जिल्ह्याचा ग्याझेटियर व त्यानंतरचीं दशवार्षिक खानेसुमारीचीं कोष्टकें आहेत. मधल्या काळाचे कागद घरोघरच्या दप्तरांत विखुरलेले, आणि पुष्कळसे अद्याप न वाचलेले. अशा स्थितींत लेखकाचा हात साहजिकच कोष्टकांकडे जातो. जिल्ह्यांत साक्षरता इतकी होती, अमुक जमातीचें प्रमाण इतकें होतें, उत्पन्न इतकें होतें. म्हणून त्या जिल्ह्यांतील अमुक गांवचें अमुक घराणें असें असलें पाहिजे, अशी विधानें स्थानिक इतिहासाच्या लेखनांत वारंवार आढळतात. या "म्हणून" शब्दाला आधार किती, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कोष्टकांतले अंक खोटे आहेत असें येथें म्हणावयाचें नाहीं. खरा अंक घेऊनहि खोटें अनुमान कसें होतें, तें दाखवावयाचें आहे.

आमच्या शास्त्रकारांना ही जागा अपरिचित नव्हती. मीमांसा व अलंकारशास्त्र यांचा अभ्यास केलेल्या वाचकांस छत्रिन्याय ठाऊक असेल. रस्त्यानें लोकांचा एक घोळका चालला आहे; त्यांतील कांहींच्या डोक्यावर छत्र्या आहेत, कांहींच्या नाहींत. पाहणारा म्हणतो, "छत्रीवाले चालले आहेत." हा प्रयोग लक्षणेनें शुद्ध ठरतो, कारण तो समुदायाविषयीं आहे. परंतु याच वाक्याच्या बळावर कोणी घोळक्यांतील एकट्या मनुष्यास थांबवून "तुझी छत्री कोठें आहे?" असें विचारूं लागला तर त्यास आपण हंसूं. जिल्ह्याच्या सरासरीवरून व्यक्तीविषयीं निर्णय देणारा लेखक नेमकें हेंच करतो. मात्र अंक दशांशांत दिलेला असल्यामुळें कोणी हंसत नाहीं. या दोषाला मी सोयीसाठीं "समुदायाभास" असें नांव देतों; कारण समुदायाच्या धर्मावरून व्यक्तीचा धर्म सिद्ध करणारा हा हेतु दिसावयास हेतु, पण वस्तुतः हेत्वाभास आहे.

पाश्चात्त्य समाजशास्त्रांत या दोषाची अंकांनिशीं पहिली ठळक चिकित्सा डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अमेरिकन विद्वानानें १९५० सालीं केली, आणि हॅनन सेल्विन यानें १९५८ सालीं त्यास आज रूढ असलेलें इंग्रजी नांव दिलें. रॉबिन्सननें घेतलेली सामग्री १९३० सालच्या अमेरिकन खानेसुमारीची होती. परदेशीं जन्मलेल्या लोकांचें प्रमाण व निरक्षरता यांचा संबंध त्यानें दोन रीतींनीं काढला. हा संबंध मोजण्याचा एक अंक असतो. दोन गोष्टी पूर्णपणें एकत्र वाढत असतील तर तो +१, एक वाढतां दुसरी पूर्णपणें घटत असेल तर -१, आणि कांहींच संबंध नसेल तर ०. प्रत्येक संस्थान हा एक घटक धरून त्यानें हिशेब केला तेव्हां अंक सुमारें -०.५३ आला; म्हणजे ज्या संस्थानांत परदेशीय अधिक, त्या संस्थानांत निरक्षरता कमी. एवढेंच पाहणारा म्हणेल कीं परदेशाहून आलेले लोक एतद्देशीयांहून अधिक शिकलेले असले पाहिजेत. पुढें त्यानें प्रत्येक मनुष्य हा घटक धरला, तेव्हां अंक सुमारें +०.१२ निघाला. परदेशीय मनुष्य निरक्षर असण्याचा संभव एतद्देशीयाहून किंचित् अधिकच होता. लोक तेच, खानेसुमारी तीच, आणि दोन उत्तरांचीं चिन्हें परस्परविरुद्ध!

असें कां व्हावें? नैयायिकांच्या परिभाषेंत सांगावयाचें तर येथें उपाधि आहे. जेथें अग्नि तेथें धूम, हें अनुमान जसें ओल्या सरपणाच्या उपाधीमुळें बिघडतें, तसेंच येथें झालें आहे. बाहेरून येणारे लोक वाटेल तेथें जाऊन राहत नाहींत. जेथें कारखाने, बंदरें व मोठीं शहरें असतात तेथें ते जातात. आणि शाळाहि अशाच ठिकाणीं पूर्वीपासून अधिक असतात. म्हणून परदेशीयांच्या शेजारीं राहणारे एतद्देशीय अधिक शिकलेले होते, आणि संस्थानाची सरासरी त्यांच्यामुळें वर चढली. तें श्रेय कोष्टक वाचणारा पाहुण्याच्या पदरांत टाकतो.

ही गोष्ट आपल्या प्रांताच्या रूपांत मांडून पाहूं. पुढील अंक केवळ रीति समजण्यासाठीं कल्पिलेले आहेत, कोणत्याहि खानेसुमारींतले नव्हेत. समजा, तीन गांवें आहेत आणि प्रत्येकांत एक हजार प्रौढ माणसें राहतात. पहिलें गांव डोंगराच्या कडेचें. तेथें बाहेरून आलेले १०० आणि मूळचे ९००. दुसरें रेल्वेस्थानकाजवळचें, तेथें आलेले २०० आणि मूळचे ८००. तिसरें कारखान्याच्या शेजारचें. तेथें आलेले ३०० आणि मूळचे ७००. पहिल्या गांवांत मूळच्यांपैकीं शेंकडा ५० साक्षर व आलेल्यांपैकीं ३०. दुसऱ्यांत ६५ व ४५. तिसऱ्यांत ८० व ६०. प्रत्येक गांवांत आलेले लोक मूळच्यांहून वीस टक्क्यांनीं मागें आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

आतां बेरजा करूं. पहिल्या गांवांत साक्षर ४५० आणि ३०, मिळून ४८०. दुसऱ्यांत ५२० आणि ९०, मिळून ६१०. तिसऱ्यांत ५६० आणि १८०, मिळून ७४०. सरकारी कोष्टकांत गांवापुढें दोनच अंक छापले जातील : आलेल्यांचें प्रमाण शेंकडा १०, २०, ३०, साक्षरता शेंकडा ४८, ६१, ७४. दहा टक्के परके वाढले कीं साक्षरता तेरा टक्क्यांनीं वाढते, असा सरळ रेषेचा नियम डोळ्यांपुढें उभा राहतो. त्यावरून "स्थलांतर करून आलेले लोक अधिक शिकलेले होते" असें वाक्य लिहावयास कोणाचीहि लेखणी थरथरणार नाहीं. पण तिन्ही गांवें एकत्र करून माणसें मोजलीं तर मूळच्या २,४०० पैकीं १,५३० साक्षर, म्हणजे शेंकडा जवळजवळ ६४. आणि आलेल्या ६०० पैकीं ३००, म्हणजे शेंकडा ५०. कोष्टकावरून केलेलें विधान वस्तुस्थितीच्या नेमकें उलट आहे.

या उदाहरणांत दोष ओळखण्याची एक खूणहि दडलेली आहे. कोष्टकाचा नियम खरोखर व्यक्तींचा नियम असता तर तो टोकापर्यंत नेतां आला असता. ज्या गांवांत सर्वच लोक बाहेरून आलेले, म्हणजे शेंकडा १०० परके, तेथें साक्षरता किती? दहास ४८, आणि पुढील प्रत्येक दहास तेरा, याप्रमाणें शेंकडा १६५! शंभर माणसांत एकशेंपासष्ट साक्षर असूं शकत नाहींत. अंक असा हास्यास्पद झाला कीं समजावें, गांवागांवांतला फरक हा माणसामाणसांतला फरक नव्हे. मात्र ही खूण एकाच बाजूनें उपयोगी आहे. उत्तर अशक्य आलें तर दोष निश्चित. उत्तर शक्य कोटींतलें आलें म्हणून दोष नाहीं असें सिद्ध होत नाहीं.

आतां कल्पित सोडून खऱ्या अंकांकडे वळूं. २०११ च्या खानेसुमारींत ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें १ कोटी १० लक्ष ६० हजार होती. त्यांत अनुसूचित जमातींचे लोक शेंकडा सुमारें १४, आणि सात वर्षांवरील लोकांतील साक्षरता शेंकडा सुमारें ८४॥. या दोन अंकांवरून जिल्ह्यांतील आदिवासींच्या साक्षरतेविषयीं काय कळतें? पुष्कळांस वाटेल कीं निदान अंदाज तरी कळतो. ओटिस डडली डंकन व बेव्हर्ली डेव्हिस यांनीं १९५३ सालीं सुचविलेल्या रीतीनें तें तपासतां येतें. अंदाज बांधावयाचा नाहीं. कोष्टकाशीं विरोध न येतां वस्तुस्थिति एका टोकास किती व दुसऱ्या टोकास किती जाऊं शकेल, एवढेंच पाहावयाचें.

सोयीसाठीं दोनशें माणसें धरूं. त्यांत आदिवासी २८ आणि इतर १७२. निरक्षर ३१ आणि साक्षर १६९. (जमातींचें प्रमाण सर्व लोकसंख्येवर व साक्षरता सात वर्षांवरील लोकांवर मोजलेली असल्यामुळें हा मेळ स्थूल आहे, परंतु त्यानें पुढील निष्कर्ष बदलत नाहीं.) एका टोकास, २८ ही आदिवासी निरक्षर असूं शकतील, तरीहि ३१ ची बेरीज पुरी करण्यास इतरांतले ३ निरक्षर उरतातच. दुसऱ्या टोकास, २८ ही आदिवासी साक्षर असूं शकतील आणि ३१ ही निरक्षर इतरांतले असतील. दोन्ही स्थिति कोष्टकाशीं तंतोतंत जुळतात. म्हणजे आदिवासींची साक्षरता शून्यापासून शंभरापर्यंत कांहींहि असूं शकते! दहा लक्षांहून कितीतरी अधिक अशा लोकांच्या समुदायाविषयीं या दोन अंकांनीं आपणांस कांहींएक सांगितलें नाहीं. उलट इतरांविषयीं त्यांनीं बरेंच सांगितलें. त्यांच्यांतले निरक्षर १७२ पैकीं कमींत कमी ३ व जास्तींत जास्त ३१, म्हणून त्यांची साक्षरता शेंकडा ८२ ते ९८ यांच्या दरम्यान असलीच पाहिजे.

या हिशेबांतील मर्म असें कीं सरासरी ही बहुसंख्याकांची साक्ष आहे. जो गट मोठा, त्याला ती घट्ट धरते. जो गट लहान, त्याच्याविषयीं ती मुकी असते. आणि इतिहाससंशोधकाला जिज्ञासा असते ती बहुधा लहान गटांचीच.

तालुक्यापर्यंत खालीं उतरलें तर कांहीं प्रगति होते. जुन्या ठाणें जिल्ह्यांतील जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत आदिवासींचें प्रमाण शेंकडा नव्वदाच्या आसपास आहे. समजा, अशा तालुक्यांत शंभरापैकीं ९० आदिवासी आणि ५० निरक्षर आहेत. मग इतर दहाहि जण निरक्षर मानले तरी आदिवासींत निरक्षर ४० खालीं जाणार नाहींत, आणि वर ५० पेक्षां अधिक होणार नाहींत. त्यांची साक्षरता शेंकडा ४४ ते ५६ या अरुंद पट्ट्यांत सांपडते. पण हें ज्ञान मोखाड्याच्या आदिवासींचें झालें. तें उचलून बदलापूरच्या डोंगरपायथ्याच्या वाडीस लावणें हा तोच दोष पुन्हां करणें होय. उत्तरेकडील तालुक्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी यांची वस्ती दाट. बदलापूरच्या बाजूस ठाकूर व कातकरी यांचे पाडे. खानेसुमारीचें "अनुसूचित जमाति" हें सदर या सर्वांस एका छत्रीखालीं घेतें. वारल्याचा अंक ठाकराच्या घरीं लावण्यास कोष्टक परवानगी देत नाहीं.

सरासरी ही व्यक्तीचा धर्म नव्हे, याचा याहून निर्विवाद पुरावा खुद्द सरकारी राजपत्रानें दिला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचे दोन भाग होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा हे आठ तालुके तिकडे गेले. ठाणें, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर व अंबरनाथ हे सात ठाण्याकडे राहिले. २०११ चेच अंक या नव्या सीमांप्रमाणें मांडले तर आदिवासींचें प्रमाण नव्या ठाण्यांत शेंकडा सुमारें ५ आणि पालघरांत सुमारें ३७ होतें. आदल्या दिवशीं जो बदलापूरकर शेंकडा चौदा आदिवासी असलेल्या जिल्ह्याचा रहिवासी होता, तो दुसऱ्या दिवशीं शेंकडा पांचाच्या जिल्ह्याचा झाला. त्याच्या घरांत, शिक्षणांत, ताटांत वा कुळांत एका रात्रींत काय पालटलें? कांहींहि नाहीं. जो अंक नकाशावरची रेघ सरकवितांच बदलतो, तो रेघेच्या आंतल्या मनुष्याचा स्वभाव कसा म्हणावा? जुन्या ग्याझेटियरचा "ठाणें जिल्हा" आणि आजचा "ठाणें जिल्हा" यांचे आंकडे एकाखालीं एक लिहून "प्रगति" किंवा "ऱ्हास" दाखविणाऱ्यांनीं ही तारीख विसरूं नये.

हा वाद केवळ तर्कशास्त्राचा नाहीं. अविभक्त ठाणें जिल्हा दरडोई उत्पन्नांत राज्यांतील आघाडीच्या जिल्ह्यांत गणला जात असे. मुंबईलगतचीं शहरें व कारखाने त्याच जिल्ह्यांत असल्यामुळें तो अंक बरोबरच होता. त्याच जिल्ह्यांतील जव्हार तालुक्यांत वावर-वांगणी येथें १९९२-९३ सालीं कुपोषणानें बालकांचे मृत्यु झाले आणि सर्व महाराष्ट्र हादरला. श्रीमंत जिल्ह्यांतील मूल उपाशी असणार नाहीं, हें अनुमान किती महाग पडतें याचें याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको. आज पालघर वेगळा झाल्यानें तिकडचें दैन्य निदान त्या जिल्ह्याच्या अंकांत उमटतें. पण ठाण्याकडे राहिलेल्या पाड्यांची स्थिति उलट झाली. बदलापूर व मुरबाडच्या डोंगरकडेचीं कुटुंबें आतां पूर्वीपेक्षांहि अधिक नागर अशा सरासरींत बुडून गेलीं आहेत. जिल्हा पाहून मदत ठरविणाऱ्यास तीं दिसणार नाहींत.

उल्हासनगरचें उदाहरण दुसऱ्या प्रकारचें आहे. महायुद्धकाळीं येथें लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथील बराकींत जागा देण्यांत आली, आणि १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. तेव्हांपासून "उल्हासनगर म्हणजे सिंधी, आणि सिंधी म्हणजे व्यापारी" असें समीकरण लोकांच्या तोंडीं बसलें आहे. वस्तीच्या उत्पत्तीचें वर्णन म्हणून पहिला भाग योग्यच आहे. पण २०११ सालीं या शहरांत सुमारें ५ लक्ष ६ हजार लोक होते. त्यांत मराठी भाषिक आहेत, उत्तर हिंदुस्थानांतून आलेले आहेत. सिंधी कुटुंबांतहि व्यापाराशीं संबंध नसलेलीं आहेत. उल्हासनगरांतील एखाद्या घरीं सांपडलेल्या जुन्या पेटींतील कागद "अर्थातच सिंधहून आलेले" असें गृहीत धरणारा संग्राहक, आणि ते निव्वळ मोडी दिसतात म्हणून "येथले असूंच शकत नाहींत" म्हणणारा संग्राहक, दोघेहि नगराची ओळख घराच्या गळ्यांत बांधतात. घराचा वृत्तांत घरालाच विचारला पाहिजे.

दूरच्या दोन अंकांची तुलना करतांना तर अधिक सावध राहावें लागतें. २०११ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या, आणि ठाणें जिल्ह्यांत ८८६. यावरून रत्नागिरीच्या घरांत मुलीची आवड अधिक व ठाण्याच्या घरांत कमी, असा कुटुंबांच्या मनोवृत्तीचा इतिहास लिहिणें सोपें आहे. परंतु रत्नागिरीचे तरुण पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबई व ठाण्याच्या बाजूस गिरण्या-कारखान्यांत पोट भरावयास गेले. अंबरनाथच्या आगपेट्यांच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यांसारखीं ठिकाणें अशाच माणसांनीं चाललीं. एका जिल्ह्यांतून वजा झालेला पुरुष दुसऱ्या जिल्ह्यांत जमा होतो, आणि दोन्हीकडचीं प्रमाणें विरुद्ध दिशांस सरकतात. पडताळा पाहावयाचा तर सहा वर्षांखालील मुलांचें सदर उघडावें. लहान मुलें नोकरीस जात नाहींत. आणि त्या सदरांत रत्नागिरींतहि मुली हजारांपेक्षां कमीच आहेत. अकराशें बावीस या अंकांतलें आधिक्य घरांतील आवडीचें नसून वाटेला लागलेल्या पुरुषांचें आहे.

आतां आपल्या नित्याच्या कामाकडे, म्हणजे पोथ्या व दप्तरें यांच्या निर्णयाकडे येऊं. कल्याण तालुक्यांतील एखाद्या लहान खेड्याचें नांव पुष्पिकेंत असलेली पोथी पुढें आली कीं पुढील आक्षेप ऐकूं येतो : त्या काळीं त्या भागांत लिहितावाचतां येणारे शेंकड्यांत मोजके; मग अशा खेड्यांत इतकी शुद्ध संस्कृत पोथी लिहिली गेली हें संभवत नाहीं; सबब पुष्पिका मागाहूनची. या आक्षेपांतील पहिलें विधान खरें धरलें तरी निष्कर्ष निघत नाहीं. पोथी कोणीं लिहिली? सरासरी मनुष्यानें नव्हे. जो लिहीत होता तो त्या मोजक्यांतलाच होता. खेड्यांत साक्षरता शेंकडा तीन असली तर त्या तिघांत कुलकर्णी आहे, उपाध्याय आहे, आणि आपल्यापुढील कागद त्यांच्याच हातचे आहेत. आपलीं साधनें जन्मतःच सरासरीबाहेरच्या लोकांची असतात. त्यांची परीक्षा सरासरीनें करणें म्हणजे वजन गजानें मोजणें होय. पुष्पिका संशयास्पद ठरविण्यास कागदाची जात, शाई, अक्षराचें वळण, शक-संवत्सर-तिथि-वार यांचा मेळ, लेखकाच्या नांवाचा अन्य कागदांतील उल्लेख, हीं व्यक्तिगत प्रमाणें आहेत. तीं प्रतिकूल असतील तर पोथी टाकावी. जिल्ह्याचा अंक प्रतिकूल आहे म्हणून टाकूं नये.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. एका घराण्याच्या भरगच्च दप्तरावरून "या परगण्यांत विद्येची भरभराट होती" असें लिहिणें हाहि दोषच आहे, फक्त उलट्या दिशेचा. एकावरून सर्वांचें आणि सर्वांवरून एकाचें, दोन्ही अनुमानें सारखींच अधांतरीं असतात.

तर मग कोष्टकें निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. प्रश्न समुदायाचा असेल तर समुदायाचा अंक हेंच योग्य प्रमाण. जिल्ह्यास शाळा किती लागतील, एका दशकांत लोक कोणत्या बाजूस सरकले, रेल्वेच्या कडेचीं गांवें डोंगरांतल्या गांवांहून केव्हां पुढें गेलीं, या प्रश्नांस व्यक्तीचें दप्तर उत्तर देऊं शकत नाहीं, कोष्टक देतें. शिवाय मनुष्याच्या आयुष्यावर शेजाराचा परिणाम होतो, हेंहि खरें. अंबरनाथच्या कारखान्याजवळ वाढलेलें मूल व डोंगरांत वाढलेलें मूल यांच्या वाटा निराळ्या होतात. पण तो परिणाम सिद्ध करण्यास दोन्ही जातींचा पुरावा लागतो. व्यक्तीचा आणि स्थळाचा. केवळ स्थळाच्या अंकांतून दोन्ही पिळून काढतां येत नाहींत.

म्हणून लेखकांस व परीक्षकांस विनंति अशी कीं, लेखांत जिल्ह्याचा वा तालुक्याचा अंक येतांच तीन गोष्टी पाहाव्या. हा अंक कोणत्या सालच्या कोणत्या सीमांचा आहे? ज्या गटाविषयीं लेखक बोलत आहे तो त्या सीमांत किती मोठा आहे, आणि वर दाखविलेल्या रीतीनें दोन टोकें काढलीं तर त्याच्याविषयीं कांहीं निश्चित उरतें काय? आणि विधानाचा कर्ता कोण, समुदाय कीं माणूस? यांपैकीं दुसऱ्या प्रश्नास फक्त एक वजाबाकी लागते, व ती पेन्सिलीनें समासांत करतां येते. उत्तर "शून्यापासून शंभर" असें आलें तर तें वाक्य लेखांतून काढावें, आणि त्या जागीं घराचा कागद शोधण्यास निघावें. बदलापूर-अंबरनाथच्या पंचक्रोशींत असे न उघडलेले रुमाल अजून आहेत. त्यांची यादी करण्याचें काम कोणत्याहि सरासरीनें होणार नाहीं.